जुन्या नफ्याचे अभय आणि बोनसची गळती

शेअरबाजारात नोंदलेले समभाग वर्षाहून अधिक काळ बाळगून, उलाढालीवरील कर भरून विकले, तर त्यांवरील नफा १ ऑक्टोबर २००४ पासून करमुक्त होता. तत्कालीन अर्थमंत्री अरुण जेटली यांनी १ फेब्रुवारी २०१८ रोजी मांडलेल्या अंदाजपत्रकाने ही सवलत काढून घेतली. १ एप्रिल २०१८ पासूनच्या विक्रीवर, वर्षाकाठी एक लाखापलीकडच्या नफ्यावर, दहा टक्के कर बसला. जुलै २०२४ मध्ये हा दर साडेबारा टक्के आणि करमुक्त मर्यादा सव्वा लाख रुपये झाली.

येथे एक न्यायाचा प्रश्न उद्भवला. नफा वर्षानुवर्षे साचत येतो. कर मात्र विक्रीच्या दिवशी लागतो. मग करमुक्तीच्या काळात साचलेल्या नफ्याचे काय? त्यावरही कर लावणे म्हणजे सामना संपल्यावर नियम बदलण्यासारखे झाले असते. म्हणून ३१ जानेवारी २०१८ ही सीमारेषा ठरली. तो अंदाजपत्रकाचा आदला दिवस असल्याने घोषणा ऐकून भाव चढविण्याची संधी कोणालाच उरली नाही. जुन्या नफ्याला दिलेल्या या अभयालाच ‘ग्रँडफादरिंग’ म्हणतात.

त्याची रीत दोन पायऱ्यांची आहे. ३१ जानेवारीचा सर्वोच्च बाजारभाव आणि प्रत्यक्ष विक्रीचा भाव यांतील कमी आकडा प्रथम घ्यावयाचा. मग तो आकडा आणि मूळ खरेदीची किंमत यांतील अधिक असेल ती ‘खरेदी किंमत’ मानावयाची.

समजा, एका शिक्षिकेने २०१२ साली शंभर रुपयांनी एक हजार समभाग घेतले. सीमारेषेच्या दिवशी सर्वोच्च भाव चारशे होता आणि २०२५ साली त्यांनी ते सातशेने विकले. चारशे व सातशे यांत कमी चारशे. चारशे व शंभर यांत अधिक चारशे. म्हणजे नफा सहा लाखांऐवजी तीन लाख धरला जाईल. सव्वा लाख वजा जाता उरलेल्या १,७५,००० रुपयांवर २१,८७५ रुपये कर होईल. हे अभय नसते तर तो ५९,३७५ रुपये झाला असता. (अधिभार व उपकर सोयीसाठी वगळले आहेत.)

भाव उतरून विक्री अडीचशेने झाली तर? कमी आकडा अडीचशे, तीच खरेदी किंमत, नफा शून्य. चारशेच्या तुलनेत दीडशेचा ‘तोटा’ मात्र दाखविता येत नाही. पहिल्या पायरीचे प्रयोजनच ते आहे, आणि ते रास्त आहे. जुना नफा करमुक्त ठेवणे वेगळे आणि शंभराला घेतलेली वस्तू अडीचशेला विकून तोटा सांगणे वेगळे. ऐंशीने विकल्यास मात्र वीस रुपयांचा खरा तोटा मान्य होतो.

परंतु हीच पायरी एका ठिकाणी निराळेच फळ देते. समजा, त्याच कंपनीने २०२० साली एकास एक बोनस समभाग दिले आणि शिक्षिकाबाईंनी २०२५ साली दोन्ही मिळून दोन हजार समभाग अडीचशेने विकले. हाती पाच लाख आले. सीमारेषेच्या दिवशी त्यांची गुंतवणूक चार लाखांची होती. म्हणजे त्यानंतरची खरी वाढ एक लाखाची. ती सव्वा लाखाच्या आत असल्याने कर शून्य असावयास हवा. कायद्याचा हिशेब वेगळा होतो. मूळ हजार समभागांवर नफा शून्य. सीमारेषेनंतर मिळालेल्या बोनस समभागांची खरेदी किंमत मात्र शून्य धरतात, म्हणून त्यांवरील संपूर्ण अडीच लाख हा नफा ठरतो. कर १५,६२५ रुपये!

बोनसने कोणी श्रीमंत होत नाही. एकाच भाकरीचे दोन तुकडे होतात. भाव निम्म्यावर येतो, परंतु मूळ समभागाचा चारशेचा संरक्षित भाव तसाच राहतो, आणि विक्रीचा भाव त्याच्या खाली असला की दर समभागामागे दीडशेचे संरक्षण वाया जाते. हाच बोनस सीमारेषेपूर्वीचा असता तर त्यालाही त्या दिवसाचा भाव लागू झाला असता. विक्रीचा भाव चारशेच्या वर असता तरीही ही गळती झाली नसती.

बोनस समभागांची किंमत शून्य धरण्याची प्रथा जुनीच आहे, असे यावर कोणी म्हणेल. ते खरे आहे; परंतु त्या प्रथेत मूळ समभागांची किंमत पूर्ण वजा मिळते, म्हणून एकूण हिशेब जुळतो. येथे ती ‘कमी आकड्या’च्या अटीने कापली जाते. उपाय अवघड नाही. ही तुलना एकेका समभागाची न करता मूळ व बोनस मिळून झालेल्या संपूर्ण धारणेची करावी. शिक्षिकाबाईंचे चार लाख तेव्हा पूर्ण वजा होतील आणि खोटा तोटा दाखविण्याची वाटही बंदच राहील. जुन्या नफ्यावर कर नाही, हे वचन शासनाने स्वतःहून दिले आहे. भाग वाढले म्हणून ते अर्धे पाळले जाऊ नये.