‘मूळ कथेचे लेखक’ हा रकाना काढा

एका विद्यापीठाच्या लोकसाहित्य-प्रकल्पाच्या नव्या प्रपत्राबद्दल वाचक-प्राध्यापकांची पत्रे आली आहेत. ‘मूळ कथेचे लेखक’ आणि ‘पृष्ठ क्रमांक’ हे रकाने त्यात सक्तीचे आहेत. आजीकडून ध्वनिमुद्रित केलेली कथा ‘संदर्भ अपूर्ण’ म्हणून परत येते. पुस्तकातून उतरवलेली मंजूर होते. हा शुद्ध अडाणीपणा आहे. पण आपल्या प्रश्नपत्रिका तरी काय विचारतात? ‘तात्पर्य लिहा’ आणि ‘वैशिष्ट्ये सांगा’!

‘चल रे भोपळ्या’ घ्या. ‘लठ्ठ होऊन येते, मग खा’ हा कथाप्रकार (१२२ एफ) ओळखला की आपण थांबतो. खरे प्रश्न त्यानंतरचे आहेत. आपली म्हातारी लेकीकडे जाते. उपेंद्रकिशोर रायचौधुरींच्या ‘टुनटुनीर बोई’ (१९१०) या बंगाली पुस्तकातली कुबडी म्हातारी नातीकडे जाते, दुधी भोपळ्यातून परतते आणि शेवटी कोल्ह्याच्या तावडीत सापडल्यावर तिची कुत्री तिला वाचवतात. आपल्याकडच्या बहुतेक छापील पुस्तकांत भोपळाच तिला सुखरूप घरी नेतो. मग विद्यार्थ्याला विचारा: तुझ्या निवेदिकेच्या कथेत म्हातारीला कोण वाचवते? शेवट बदलला तर मधले काय बदलावे लागते? कुत्री शेवटी धावून यायची असतील, तर ती आधी घरी ठेवलेली दाखवावी लागतात.

दुसरा प्रश्न पुनरावृत्तीचा. उपेंद्रकिशोर प्रस्तावनेत सांगतात की, पूर्व बंगालच्या काही भागांतल्या बायका संध्याकाळी न जेवताच झोपू पाहणाऱ्या मुलांना जागे ठेवण्यासाठी या गोष्टी सांगत. खाऊन लठ्ठ होण्याची ही गोष्ट अशा वेळी ऐकवली जाई, हे ध्यानात आले की एकामागून एक प्राणी का भेटतात ते कळते. सांगणारी बाई मूल पाहून एखादा प्राणी वाढवू शकते. छापील पानावर तो आकडा कायमचा ठरतो. म्हणून प्रश्न असा हवा: किती प्राणी आले, समोर कोण होते, ते मूल मध्येच काय बोलले?

एकच ध्वनिमुद्रण मात्र पुरत नाही. त्याच निवेदिकेकडून आठवड्याभराने, दुसऱ्या श्रोत्यापुढे तीच कथा पुन्हा घ्या. दोन्ही वेळा टिकले ते तिच्या कथेचे अंग; एकदाच आले ते त्या प्रसंगाचे किंवा विसरण्याचे. कथा कुठून आली हेही विचारा, कारण आजच्या आज्यांनीही पुस्तके वाचली आहेत. हुंकाराला जागा नसलेले, ‘मग’, ‘तर’ गाळलेले सफाईदार निवेदन ऐकले की छापील पाठाचा संशय घ्यावा.

अभ्यास मंडळावरील सभासदांनी पुढच्या बैठकीत ते दोन रकाने काढून ‘निवेदक’, ‘श्रोते’ आणि ‘कोणाकडून ऐकली’ हे तीन मांडावेत. बाकीच्यांनी मंडळाची वाट न पाहता याच सत्रात दुहेरी ध्वनिमुद्रणे करून घ्यावीत आणि त्यांची प्रतिलेखने आमच्याकडे पाठवावीत. आम्ही ती जशीच्या तशी छापू.