‘रिझल्ट्स’ हे शीर्षक नव्हे!

फायनल इयरचं कुठलंही प्रोजेक्ट प्रेझेंटेशन बघा. स्लाइड्सची शीर्षकं ठरलेली: इंट्रोडक्शन, मेथडॉलॉजी, रिझल्ट्स, कन्क्लुजन. ब्रँच बदला, विषय बदला, शीर्षकं तीच! माझं म्हणणं एवढंच, की शीर्षक हे खोलीच्या दारावरची पाटी नसून त्या स्लाइडवर सिद्ध होणारं एक पूर्ण विधान असावं.

समजा, सिव्हिलच्या एका ग्रुपचं प्रोजेक्ट फ्लाय ॲशच्या काँक्रीटवर आहे. त्यांची शीर्षकं अशी असू शकतात:

१. सिमेंटऐवजी काही फ्लाय ॲश वापरली तर खर्च वाचतो, पण ताकद टिकते का?
२. हे बघायला आम्ही ०, २० आणि ४० टक्क्यांचे क्यूब ७ आणि २८ दिवसांनी फोडले.
३. सातव्या दिवशी फ्लाय ॲशचे क्यूब मागे पडले, कारण तिची रिॲक्शन सावकाश होते.
४. अठ्ठाविसाव्या दिवशी २० टक्केवाल्यांनी साध्या क्यूबना गाठलं, ४० टक्केवाल्यांनी नाही.
५. म्हणून २० टक्के चालेल, पण साइटवर फळ्या काढायची घाई नको.

खालचं काहीही न वाचता प्रोजेक्ट कळलं की नाही? पॉवरपॉइंटच्या आउटलाइन व्ह्यूमध्ये फक्त शीर्षकं ठेवून ती ओळीनं वाचा. गोष्ट जिथं तुटते तिथं स्लाइड कमी आहे किंवा जास्त आहे. एका शीर्षकात दोन विधानं कोंबावी लागली, तर त्या दोन स्लाइड्स आहेत.

पण नुसतं वाक्य लिहून भागत नाही. जानेवारी २००३ मध्ये कोलंबिया यानाच्या उड्डाणावेळी सुटलेला फोमचा तुकडा डाव्या पंखावर आदळला. यान वर असतानाच इंजिनिअर्सनी नासाला स्लाइड्स दाखवल्या. त्यातल्या एका स्लाइडच्या शीर्षकाचा सूर असा, की टाइल भेदली जाण्याचा अंदाज चाचण्यांच्या आकड्यांनुसार सुरक्षित बाजूला झुकलेला आहे. अगदी तळाशी बारीक अक्षरात मात्र लिहिलं होतं, की चाचणीतला तुकडा ३ घनइंचांचा आणि प्रत्यक्षातला १९२० घनइंचांचा. म्हणजे ६४० पट! त्या स्लाइडचं खरं शीर्षक ‘या चाचण्यांवरून काहीच सांगता येत नाही’ असं हवं होतं. १ फेब्रुवारीला यान परतताना तुटलं आणि कल्पना चावलांसह सातही जण गेले. एका शीर्षकामुळे यान पडलं असं मी म्हणत नाही. पण चौकशी समितीनं आपल्या अहवालात या स्लाइडची दखल घेतली.

त्यामुळे शीर्षक लिहून झालं की ते हातानं झाका आणि रूममेटला फक्त ग्राफ दाखवा. ‘यातून काय दिसतं?’ असं विचारा. त्याचं उत्तर आणि तुमचं शीर्षक जुळलं नाही, तर बदलायचं ते शीर्षक, ग्राफ नव्हे.

काही सर म्हणतील, फॉरमॅटमध्ये ‘रिझल्ट्स’ लिहिलंय. हरकत नाही, तो शब्द कोपऱ्यात बारीक टाका. मोठ्या अक्षरात मात्र रिझल्ट काय आला ते लिहा. आणि ते एका वाक्यात लिहिता येत नसेल, तर व्हायव्हात सांगता तरी कसं येणार?