अक्षर देखणे नसो, निःसंदिग्ध असो



लेखी परीक्षेत गुण मजकुराला मिळतात, अक्षराला नव्हे, असे आपण परस्परांना सांगत असतो. भाषेच्या परीक्षेपुरते तरी हे विधान अर्धेच खरे आहे. गोंदिया जिल्ह्यातील एका अभ्यासकेंद्रावर सरावाच्या उत्तरपत्रिका तपासताना मला याचा प्रत्यय आला, आणि त्यात चूक माझीही होती.

निबंधाचा विषय होता ‘आमच्या गावातील शेती’. प्रश्न १० गुणांचा होता. शाळा सोडून वीस वर्षे झालेल्या एका विद्यार्थिनीने लिहिले होते : ‘बांधीत पाणी भरले, की धानाची रोवणी सुरू होते.’ माझ्या डोळ्यांना मात्र ‘बांघीत पाणी मरले, की घानाची रोवणी’ असे दिसले. एका वाक्यात शुद्धलेखनाच्या तीन चुका धरून मी पुढे गेलो. पुढील पानावर दोन-तीन ठिकाणी गिरवागिरव होती. मी ५ गुण दिले. पुढच्या वर्गात तिने तोच निबंध वाचून दाखवला, तेव्हा त्यातील रोवणीचे वर्णन किती नेमके आहे हे मला प्रथमच कळले. मी ७ गुण केले. निबंधातील एकही शब्द बदललेला नव्हता.

त्या तीन ‘चुका’ कशा घडल्या? तिला शब्द ठाऊक होते. ती प्रथम सगळी अक्षरे लिहीत असे आणि मग संपूर्ण शब्दावर एका ओढीत शिरोरेषा देत असे. ‘ध’ आणि ‘भ’ यांचे डोके डावीकडे उघडे असते आणि तेथे लहानशी गाठ असते. सलग रेषेने ते डोके झाकले गेले आणि घाईत गाठही राहून गेली, की ‘ध’चा ‘घ’ होतो आणि ‘भ’चा ‘म’. ‘थ’ आणि ‘य’ यांचेही तसेच. ‘ख’चे दोन भाग तळाशी जोडले नाहीत, तर ‘खाना’चा ‘रवाना’ होतो. अनुस्वाराचा टिंब कागदावर उमटलाच नाही, तर ‘त्यांनी’चे ‘त्यानी’ होते. परीक्षकाच्या दृष्टीने ही व्याकरणाची चूक ठरते, कारण टिंब विसरला की पुसट उमटला, हे त्याला कळण्याचा मार्ग नसतो. म्हणून देवनागरीत सुवाच्यता हा केवळ सजावटीचा विषय राहत नाही. काही ठिकाणी तीच शुद्धलेखन असते. एवढ्यापुरते अक्षराला गुण असणे मला न्याय्य वाटते.

अन्याय त्यापुढे सुरू होतो. माझे दोन गुण केवळ तीन अक्षरांपायी गेले नव्हते. वाचताना अडखळल्यामुळे मला विचारच अडखळता वाटला होता. रायनर ग्रायफनेडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हेच आढळले. वाचायला सोपे असलेले हस्तलिखित लोकांना गुणवत्तेनेही सरस वाटले. मात्र अक्षराच्या या प्रभावाची जाणीव करून दिल्यावर तो नाहीसा झाला. वाचनाचा त्रास आणि मजकुराचा दोष यांची मनात गल्लत होते, आणि ती ओळखली तर टाळता येते.

म्हणून परीक्षकांकडून माझी पहिली अपेक्षा अशी, की संशयास्पद अक्षर दिसताच चूक धरण्यापूर्वी त्याच पानावर त्या विद्यार्थ्याचा दुसरा ‘ध’ कसा आहे ते पाहावे. प्रत्येक ‘ध’ तसाच असेल, तर ती हाताची सवय आहे, शब्दाचे अज्ञान नव्हे. संशय तरीही उरला, तर त्याचा भार शुद्धलेखनाच्या गुणांवर पडावा, आशयाच्या गुणांवर नव्हे. आपल्या जिल्ह्यात आणखी एक दक्षता हवी. आपल्या सीमेला बालाघाट आणि राजनांदगाव लागून आहेत, आणि आपल्यापैकी अनेकांचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले आहे. त्यांच्या हाताला हिंदी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ बसलेले असतात. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ प्रमाण ठरवले. ते वळण शिकणे इष्टच आहे. परंतु निराळ्या वळणाचा, तरी स्पष्ट वाचता येणारा ‘ल’ म्हणजे शुद्धलेखनाची चूक नव्हे.

आता खाडाखोडीविषयी. समर्थ रामदासांनी दासबोधातील १९ व्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेलाच दिला आहे. अक्षर वाटोळे, सरळ, मोकळे असावे आणि आरंभापासून अखेरपर्यंत एकसारखे राहावे, असा त्यांचा आग्रह आहे. पण तो पिढ्यान्‌पिढ्या वाचल्या जाणाऱ्या पोथीसाठी. आणि पोथी लिहिणाऱ्यांच्याही चुका होतच. चुकीच्या अक्षरांवर ते पिवळ्या हरताळाचा लेप देत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार तेथूनच आला. राहिलेला शब्द काकपदाची खूण करून समासात लिहीत. अर्थात दुरुस्ती ही लेखनाची अप्रतिष्ठा कधीच नव्हती. खोडलेला शब्द हा लिहिणाऱ्याने स्वतःची चूक ओळखल्याचा पुरावा आहे. त्यासाठी गुण कापणे म्हणजे विचार केल्याबद्दल दंड करणे होय.

गिरवण्याचे मात्र मी समर्थन करणार नाही. समजा, ‘दीन’ लिहायचे असताना ‘दिन’ लिहिले गेले. त्यावरच दुसरी वेलांटी ओढली, तर अक्षराच्या दोन्ही बाजूंना वेलांट्या राहतात. परीक्षकाने कोणती खरी मानावी? येथे तो चूक धरील, आणि त्याला दोष देता येणार नाही. अशा वेळी अक्षर दुरुस्त करू नये, शब्दच खोडावा आणि पुढे पुन्हा लिहावा. खोडण्याची रेघ एकच असावी आणि ती अक्षरांच्या मध्यातून जावी; वरच्या बाजूला गेली तर ती शिरोरेषाच वाटते. राहिलेला शब्द दोन ओळींत दाबून बसवल्यास वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकींत अडकतात. त्याऐवजी काकपद करून तो सुट्या जागेत लिहावा.

मांडणीचेही तेच. रंगीत शाई आणि नक्षीदार चौकटी यांना गुण नसतात. प्रश्नक्रमांक समासात ठळक असणे, नवा मुद्दा नव्या परिच्छेदात असणे आणि दोन उत्तरांमध्ये मोकळी जागा असणे एवढ्याने परीक्षकाला उत्तराचा शोध घ्यावा लागत नाही.

त्या विद्यार्थिनीला मी सुलेखनाचा सराव सुचवला नाही. चाळिशीतल्या हाताचे वळण एका सत्रात बदलत नाही. ‘ध, भ, थ, ख’ असलेल्या शब्दांची शिरोरेषा अक्षरागणिक द्यावी, आणि शेवटची दहा मिनिटे केवळ टिंब व वेलांट्या पाहण्यासाठी ठेवावीत, एवढेच सांगितले. तिचे अक्षर आजही देखणे नाही. पण तिच्या बांधीत आता पाणी मरत नाही, भरते. आणि तिचे उत्तर वाचताना मला तिचे म्हणणे आधी दिसते, अक्षर नंतर.