कागद पाठवण्याआधी तपासा : तुमचं व्हीपीएन नेमकं काय झाकतंय?

तुम्ही नोकरी करता त्या संस्थेतल्या गैरव्यवहाराची कागदपत्रं कुणा बातमीदाराला किंवा वकिलाला पाठवायच्या तयारीत असाल आणि त्यासाठी ब्राउझरमध्ये एखादं फुकटचं व्हीपीएन एक्स्टेन्शन टाकून निर्धास्त झाला असाल, तर कृपा करून आज काही पाठवू नका. आधी हे आवाहन वाचा आणि खाली दिलेली चाचणी करा. ब्राउझरच्या कोपऱ्यात ‘Connected’ असा हिरवा शब्द दिसतो, तो सबंध लॅपटॉपबद्दल बोलत नसतो. तो त्या एका ब्राउझरबद्दल बोलतो, आणि तेही अर्धवट.

एक उदाहरण घेऊ. एका खासगी संस्थेत हिशेब पाहणारी बाई आहे. स्वतःचा लॅपटॉप ती ऑफिसच्या वाय-फायला जोडते. क्रोममध्ये एक्स्टेन्शन चालू करते, मेल उघडते, बिलांचे २० एमबीचे स्कॅन जोडून पाठवते. मेल खरोखरच एक्स्टेन्शनच्या सर्व्हरमार्फत गेला. ऑफिसच्या राउटरला त्यात एवढंच दिसलं, की या लॅपटॉपवरून कुठल्याशा परक्या सर्व्हरकडे बराच डेटा गेला. इथवर सगळं तिच्या मनासारखं झालं.

पण स्कॅन तिने ज्या फोल्डरात ठेवले होते, तो गूगल ड्राइव्हच्या डेस्कटॉप ॲपला जोडलेला होता. फाइल फोल्डरात पडताच त्या ॲपने ती आपणहून वर चढवायला घेतली आणि त्याने एक्स्टेन्शनला विचारलंही नाही. व्हॉट्सॲप डेस्कटॉप मागे चालू होतं. बातमीदाराचा ‘मिळालं’ असा निरोप त्यावरच आला. ऑफिसच्या फायरवॉलच्या नोंदीत मजकूर येत नाही, तो एन्क्रिप्टेड असतो. पण तिच्या लॅपटॉपचं नाव, ड्राइव्हच्या सर्व्हरचं नाव, वेळ आणि २० एमबी हा आकडा येतो. लगेच पुढे व्हॉट्सॲपची वर्दळही येते. उद्या बातमी छापून आली आणि कुणी त्या दिवसाच्या नोंदी चाळायला बसलं, तर त्याला फार डोकं चालवावं लागणार नाही.

हे असं का होतं, ते समजून घ्या. एक्स्टेन्शन ब्राउझरला एवढंच सांगतं, की वेबपानांच्या मागण्या थेट न पाठवता अमुक सर्व्हरमार्फत पाठव. याला प्रॉक्सी म्हणतात. दुकानदार त्यावर व्हीपीएनची पाटी लावतात, कारण ती खपते. ऑपेरा ब्राउझरमध्ये आतच मिळणारं फुकटचं ‘व्हीपीएन’सुद्धा याच जातीचं आहे. ब्राउझरबाहेर चालणाऱ्या मेल ॲपला, टोरंटला, झूमला, विंडोजच्या अपडेटला या सूचनेचा पत्ताच नसतो. ही सगळी आपापल्या वाटेने, तुमच्या खऱ्या आयपी पत्त्यावरून जातात.

ब्राउझरच्या आतही भोकं आहेत. क्रोममध्ये दुसरं प्रोफाइल उघडलंत, तर तिथे एक्स्टेन्शन नसतं. इनकॉग्निटो खिडकीत ते तुम्ही मुद्दाम ‘Allow in Incognito’ केल्याशिवाय चालत नाही. म्हणजे जास्त गुप्तता हवी म्हणून माणूस इनकॉग्निटो उघडतो आणि नेमका तिथेच उघडा पडतो! ब्राउझरमधून केलेले आवाजाचे नि व्हिडिओचे कॉल वेबआरटीसी नावाच्या यंत्रणेने जातात. ती शक्य तिथे यूडीपी वापरते आणि साधी प्रॉक्सी यूडीपी वाहत नाही. एक्स्टेन्शनने हे वेगळं बंद केलं नसेल, तर कॉल थेट जातो आणि समोरच्याला तुमचा खरा पत्ता कळू शकतो. एक्स्टेन्शन चालू ठेवून browserleaks.com/webrtc हे पान उघडा, तिथे स्वतःचा खरा पत्ता दिसला तर काय समजायचं ते समजा.

आणखी एक गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकते. कुठली मागणी कुठून जाईल हे ठरवणारी एक छोटी स्क्रिप्ट एक्स्टेन्शन ब्राउझरला देऊ शकतं. तिची मांडणी अशी असू शकते :

```
function FindProxyForURL(url, host) {
  return "HTTPS proxy.example:443; DIRECT";
}
```

शेवटचा शब्द बघा. प्रॉक्सीने उत्तर दिलं नाही तर थेट जा, असा त्याचा अर्थ. सर्व्हर दमला, वाय-फाय क्षणभर तुटलं, की पान काही झालंच नाही अशा थाटात उघडतं, फक्त तुमच्या खऱ्या पत्त्यावरून. सगळीच एक्स्टेन्शन असं लिहीत नाहीत, पण कुणी लिहिलंय हे तुम्हाला वरून दिसत नाही.

त्यात गंमत अशी, की झाकण्यात तोकडं असलेलं हे एक्स्टेन्शन पाहण्यात मात्र पुढे असतं. व्हीपीएन ॲप वाहून नेतं ते बंद पाकीट, तुमच्या मेलचा मजकूर त्याला वाचता येत नाही. एक्स्टेन्शन मात्र ब्राउझरच्या आत बसलेलं असतं. ‘Read and change all your data on all websites’ ही परवानगी तुम्ही दिली असेल, तर पाकीट फोडल्यानंतरचं पान त्याला दिसतं. ऑगस्ट २०२५ मध्ये कोई सिक्युरिटी या संस्थेच्या संशोधकांनी FreeVPN.One नावाचं क्रोम एक्स्टेन्शन उघडं पाडलं. एक लाखाहून जास्त जणांनी ते टाकलं होतं आणि ते भेट दिलेल्या पानांचे स्क्रीनशॉट काढून आपल्या सर्व्हरकडे पाठवत होतं. म्हणून कामाचं नसलेलं एक्स्टेन्शन नुसतं बंद करू नका, काढूनच टाका.

आता ॲपकडे वळू. सबंध यंत्रासाठीचं व्हीपीएन ॲप ऑपरेटिंग सिस्टिममध्ये एक आभासी नेटवर्क कार्ड उभं करतं आणि बाहेर जाण्याचे सगळे रस्ते त्याच्याकडे वळवतं. मेल, ड्राइव्ह, व्हॉट्सॲप, अपडेट, सगळं त्या एका बोगद्यातून जातं. आपल्या उदाहरणातल्या बाईंकडे हे असतं, तर फायरवॉलच्या नोंदीत ड्राइव्ह आणि व्हॉट्सॲपची नावं उमटली नसती. पण ‘सगळं’ म्हणजे खरंच सगळं का, हे तुम्हीच तपासायचं आहे. त्याला पाच मिनिटं लागतात.

आधी व्हीपीएन पूर्ण बंद करून ब्राउझरमध्ये icanhazip.com उघडा आणि दिसेल तो पत्ता कागदावर लिहून घ्या. मग एक्स्टेन्शन चालू करून तेच पान पुन्हा उघडा. पत्ता बदललेला दिसेल. तो बदललेला पाहून बहुतेकजण इथेच थांबतात, तुम्ही थांबू नका. विंडोजवर Command Prompt, मॅकवर Terminal उघडून हे टाका :

```
curl -4 https://icanhazip.com
curl -6 https://icanhazip.com
```

दोन्हींपैकी एका ओळीला कागदावरचा जुना पत्ता आला, तर तुमचं एक्स्टेन्शन ब्राउझरपुरतंच आहे याचा पुरावा तुमच्यासमोर आहे. आता एक्स्टेन्शन बंद करून ॲप चालू करा आणि दोन्ही ओळी पुन्हा टाका. पहिलीला नवा पत्ता यायला हवा. दुसरी आयपीव्ही६ची आहे. तिला एकतर व्हीपीएनचा पत्ता यावा किंवा जोडणी झाली नाही अशी चूक यावी, दोन्ही चालेल. पण ॲप बंद असताना आला होता तोच कोलनवाला लांबलचक पत्ता पुन्हा आला, तर ॲप अर्धाच रस्ता वळवतंय. आपल्याकडे हे विसरून चालणार नाही, कारण जिओसारखी मोठी मोबाइल नेटवर्कं आयपीव्ही६ सर्रास वापरतात. (विंडोजच्या जुन्या PowerShell मध्ये curl हा शब्द दुसऱ्याच आज्ञेला जोडलेला आहे. तिथे curl.exe लिहा.)

ॲपच्या सेटिंगमध्ये ‘split tunneling’ असेल तर त्यातली यादी वाचा. बँकेचं ॲप चालत नाही म्हणून वगळलेलं असतं ते ठीक, पण त्याच यादीत ब्राउझर किंवा मेल बसलेला सापडू शकतो. ‘kill switch’ चालू करा, म्हणजे बोगदा तुटला की जोडणीच बंद पडते. अँड्रॉइड ८ पासून हे फोनच्या सेटिंगमध्येच आहे. व्हीपीएनच्या नावापुढचं चक्र दाबून ‘Always-on VPN’ आणि ‘Block connections without VPN’ दोन्ही चालू करा. फोनवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन चालत नाहीत, त्यामुळे तिथे ॲपच लागेल. आणि फोनवर व्हीपीएन लावून त्याचा हॉटस्पॉट लॅपटॉपला दिलात, तर लॅपटॉपही झाकला गेला असं धरू नका. अँड्रॉइड असो की आयफोन, सर्वसाधारणपणे हॉटस्पॉटवरची वर्दळ फोनच्या व्हीपीएनला वळसा घालून जाते. लॅपटॉपवर वेगळं ॲप लावा.

इतकं करूनही ऑफिसच्या वाय-फायवरून कागद पाठवू नका. मे २०२४ मध्ये ‘टनेलव्हिजन’ नावाने एक पद्धत जाहीर झाली. लॅपटॉप नेटवर्कला जोडला जाताना राउटर त्याला पत्ता देतो, त्याच वेळी तो डीएचसीपीच्या १२१ क्रमांकाच्या पर्यायातून जास्तीचे रस्तेही सांगू शकतो. त्या रस्त्यांनी वर्दळ बोगद्याबाहेर काढता येते आणि ॲप मात्र ‘Connected’ म्हणतच राहतं. अँड्रॉइड हा पर्याय मानत नाही म्हणून त्यातून सुटलं. विंडोज आणि मॅक सापडले. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच राउटरवर बसून तक्रार करू नये, इतका साधा हा मुद्दा आहे. मोबाइल डेटा वापरा. लॅपटॉप ऑफिसने दिलेला असेल तर त्यावर हे काम मुळीच करू नका. त्यात देखरेखीचं सॉफ्टवेअर असलं, तर ते वर्दळ बोगद्यात शिरण्याआधीच पडद्यावरचं पाहतं आणि तिथे एक्स्टेन्शन नि ॲप दोन्ही सारखेच निरुपयोगी ठरतात.

व्हीपीएन कंपनी निवडताना आणखी एक लक्षात असू द्या. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार भारतात सेवा देणाऱ्या व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकाचं नाव, पत्ता, दिलेले आयपी पत्ते पाच वर्षं जपून ठेवायचे आहेत. त्यानंतर काही बड्या परदेशी कंपन्यांनी इथले सर्व्हर हलवले. ऑफिसपासून जे झाकलंत, ते कंपनीच्या हाती दिलंत हे धरून चाला, आणि ती कंपनी कोण चालवतं हे पैसे भरण्याआधी शोधा.

ज्यांनी याआधीच एक्स्टेन्शनच्या भरवशावर काही पाठवलं आहे, त्यांनी घाईघाईने मेल, फाइली किंवा चॅट पुसू नयेत. फायरवॉलची नोंद त्याने पुसली जात नाही, आणि तुमच्याकडचा पुरावा मात्र जातो. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या वाय-फायवरून, काय पाठवलं आणि त्या वेळी लॅपटॉपवर कोणती ॲप उघडी होती, हे कागदावर लिहून काढा. तो कागद घरी ठेवा आणि ज्याला पाठवलंत त्या बातमीदाराला किंवा वकिलाला शक्यतो प्रत्यक्ष भेटून आजच सांगा. त्यांच्या पुढच्या पावलाआधी त्यांना हे माहीत असायला हवं.