हायलाइटची भिंत कुठली?

धाकट्या दिराचा निकाह डिसेंबरात ठरला आणि घरात पहिला वाद सुरू झाला तो जेवणाचा नाही, की पाहुण्यांच्या यादीचाही नाही. वाद होता भिंतीचा. नव्या जोडप्याच्या खोलीत तीन भिंती मोतिया रंगाच्या आणि एक भिंत गडद, म्हणजे रंगारी ज्याला 'हायलाइट' म्हणतात ती, असं सगळ्यांनाच हवं होतं. पण ती एक भिंत कुठली? दिराने मोबाइलवर एक फोटो दाखवला. खिडकीची भिंत, अगदी गडद निळी. "भाभी, असंच करायचं."

आमचं घर रत्नागिरी तालुक्यातलं, चिऱ्याचं. खोली बारा बाय दहाची, उंची साडेनऊ फूट. पश्चिमेला बाहेरची भिंत आणि तिच्यात खिडकी. पूर्वेला दार आणि स्विचबोर्ड. दक्षिणेला भिंतभर कपाट. उत्तरेची भिंत मोकळी, पलीकडे बैठकीची खोली. दिराच्या फोटोतली भिंत म्हणजे आमची पश्चिमेची भिंत.

आता कोकणात पश्चिमेची भिंत म्हणजे काय, हे इथल्या कुणालाही सांगावं लागत नाही. जून ते सप्टेंबर पावसाचा मारा तिच्यावरच होतो. चिरा सच्छिद्र असतो, पाणी पितो आणि महिनोन्‌महिने सावकाश सोडतो. वरून कोरडी दिसणारी भिंत आतून ओली असू शकते. रंगारीचाचांनी हात फिरवून "सुकलीय" म्हटलं, पण आम्ही एक जुनी युक्ती केली. दीड फूट लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा जाड तुकडा भिंतीवर ठेवला, चारही कडा टेपने हवाबंद चिकटवल्या आणि दोन दिवस हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी पाहिलं, तर प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला, दवासारखे थेंब होते. थेंब बाहेरच्या बाजूला आले तर ती हवेतली दमट असते, आतल्या बाजूला आले तर भिंतीतली ओल. हीच चाचणी उत्तरेच्या भिंतीवर केली, ती कोरडी निघाली.

ओल्या भिंतीवर गडद रंग का नको? ओल बाहेर येताना क्षार घेऊन येते. त्याला आपण लोणा म्हणतो. मोतिया भिंतीवर तो पांढरा फुलोरा फारसा नजरेत भरत नाही. गडद निळ्यावर मात तो पिठाचा हात पुसल्यासारखा दिसतो, आणि पुढे पोपडे सुटले की आतली पांढरी पुट्टी उघडी पडते. गेल्या वर्षी नात्यातल्या एका घरी अशीच भिंत चॉकलेटी केली होती. ऑगस्टपर्यंत तिचा नकाशा झाला.

दुसरं कारण अम्मींनी सांगितलं. त्या खोलीत असर आणि मगरिबची नमाज त्याच पढतात. आपल्याकडे किब्ला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकून. नजर सज्द्याच्या जागेवर असली तरी समोरची भिंत डोळ्यांच्या कडेला राहतेच. "समोर साधी भिंत असू दे, बेटा," एवढंच त्या म्हणाल्या. तिसरं कारण उजेडाचं. ज्या भिंतीत खिडकी असते ती खोलीतली सर्वांत कमी उजेडाची भिंत असते, कारण तिच्यावर स्वतःच्या खिडकीचा प्रकाश पडत नाही. मध्ये लखलखीत आकाश आणि भोवती काळोखी निळी भिंत, हे डोळ्यांना टोचतं. फोटोत ते दिसत नाही.

मग उरल्या तीन. कपाटाची भिंत दिसतच नाही, तिच्यावर रंग म्हणजे पैसा फुकट. दाराची भिंत दार आणि स्विचबोर्डाने तुटते. खोलीत शिरल्यावर पहिली दिसते ती उत्तरेची, बारा फूट सलग. पलंगाचं उशाही तिथेच येणार होतं. पश्चिमेला पाय नको, म्हणून पूर्वेला उशी नाही; उत्तरेला उशी करून उजव्या कुशीवर झोपलं की तोंड किब्ल्याकडे होतं, ही घरची जुनी सवय. एका जागी पलंग आणि रंग दोन्ही आले. आणि उशाला असल्यामुळे तो रंग झोपताना डोळ्यांसमोर राहत नाही. शिरताना दिसतो, बस्स.

दीर भिंतीवर राजी झाला, पण निळा सोडेना. शेड कार्डवरच्या टिकलीएवढ्या चौकोनावरून रंग ठरवू नये. भिंतभर पसरला की तोच रंग जास्त गडद आणि जास्त भडक वाटतो. आम्ही तीन नमुने घेतले: त्याचा गडद निळा, आमच्या मनातला विटकरी, आणि वाळलेल्या मेंदीच्या पाल्यासारखा राखाडी-हिरवा. तीन ड्रॉइंग शीटवर प्रत्येकी दोन हात दिले, कडेला चार बोटं पांढरी पट्टी सोडली, आणि सुकल्यावर उत्तरेच्या भिंतीवरच चिकटवले. सकाळी नऊला, दुपारी चारला आणि रात्री ट्यूबलाइटखाली, असे दोन दिवस पाहिले.

सकाळी तिन्ही छान. चार वाजता पश्चिमेचं तिरकं ऊन आलं आणि विटकरी पेटला, सगळी खोलीच तापल्यासारखी वाटली. रात्री त्याच विटकरीचा मातकट तपकिरी झाला, कारण पांढऱ्या ट्यूबच्या उजेडात लाल अंश कमी असतो. निळा रात्री जवळजवळ काळा दिसला. दीर बराच वेळ बघत राहिला आणि स्वतःच म्हणाला, "हे स्टोअर रूम वाटतंय." हिरवा दिवसा थोडा हिरवा, रात्री थोडा राखाडी, पण ओळख न सोडणारा. कपाटाच्या सागवानी रंगाशीही त्याचं जमलं. कार्डाच्या पट्टीवर आम्ही त्याची एक पायरी फिकी घेतली.

खिडकीचं ऊन या भिंतीवर तिरकं पडतं, त्यामुळे प्लास्टरचा प्रत्येक उंचवटा सावली टाकतो. म्हणून पुट्टीचे दोन हात देऊन, रात्री टॉर्च भिंतीला टेकवून तिरका उजेड पाडला आणि खड्डे पेन्सिलीने खुणावून पुन्हा घासून घेतले. चमकदार रंग टाळला, त्यात खोट दुप्पट दिसते. धुता येणारं मॅट इमल्शन घेतलं, कारण उशाला डोक्याच्या तेलाचे डाग ठरलेलेच.

हिशेब असा. बारा गुणिले साडेनऊ, म्हणजे ११४ चौरस फूट. तयार गुळगुळीत भिंतीवर एका लिटरमध्ये एक हात साधारण १२० चौरस फूट होतो. या मध्यम शेडला प्रायमरवर दोन हात पुरले, म्हणजे दोन लिटर. गडद निळ्याला बहुधा तिसराही लागला असता. एकेक लिटरचे दोन डबे होते, ते आधी मोठ्या बादलीत एकत्र ढवळले. मशीनवर मिसळलेल्या दोन डब्यांत बारीक फरक राहू शकतो आणि तो नेमका भिंतीच्या मध्यावर दिसतो.

पश्चिमेच्या भिंतीचं काय केलं? सुटलेले पोपडे खरवडून तिला नुसता चुना दिला. चुन्यातून ओल निघून जाते, पोपडे धरत नाहीत. मोतिया रंगाशी तो अगदी जुळत नाही, हे दाराशी उभं राहिलं की कळतं, आणि दीर ते अजून बोलून दाखवतो. बाहेरच्या बाजूच्या भेगा एप्रिलात, भिंत पुरती तापल्यावर भरायच्या आहेत. प्लास्टिकचा तो तुकडा कपाटावर ठेवलाय.