जर्नल क्लबमध्ये निष्कर्ष शेवटी वाचावा

पदव्युत्तर विद्यार्थी शोधनिबंध मांडताना निष्कर्षापासून आरंभ करतात. माझ्या मते तो शेवटी यावा. उदाहरणार्थ, कोइमतूर येथे झालेली व २०११ मध्ये प्रसिद्ध झालेली ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसवरील चाचणी घेऊ.

प्रथम प्रश्न मांडावा : ४३ रुग्णांच्या तीन गटांत आयुर्वेदीय चिकित्सा, मेथोट्रेक्सेट व दोन्ही एकत्र यांची तुलना होती. नंतर गटवाटप गुप्त होते का, हे पाहावे; पुढील गट आधीच ठाऊक असल्यास सौम्य व्याधीचा रुग्ण हव्या त्या गटात घातला जाऊ शकतो. तिसरी पायरी अंधत्वाची : येथे एकच चिकित्सा घेणाऱ्यास दुसरीचे हुबेहूब निष्क्रिय औषधही दिले होते. चौथी, ३६ आठवड्यांत किती रुग्ण गळाले व त्यांची गणना मूळ गटातच झाली का.

मगच निष्कर्ष : परिणामकारकतेत लक्षणीय फरक आढळला नाही. याचा अर्थ ‘तिन्ही तुल्यबळ’ असा नव्हे. गटात बारा ते सतराच रुग्ण असता मोठा फरकही निसटू शकतो. म्हणून फरकाची विश्वासमर्यादा किती रुंद आहे, हे सांगावे. ही प्राथमिक चाचणी होती. तिच्या आधारे औषधाच्या माहितीपत्रकावर ‘मेथोट्रेक्सेटइतकेच गुणकारी’ असे छापल्यास चालू औषध सोडणाऱ्या रुग्णाचे सांधे कायमचे बिघडू शकतात.