खर्चासाठी ॲप की वही? एसएमएसची परवानगी देण्याआधी हे समजून घ्या

महिनाअखेरीस ‘पैसे गेले कुठे?’ हा प्रश्न पडला की आपण खर्चाचं ॲप डाउनलोड करतो. ॲप लगेच एसएमएस वाचण्याची परवानगी मागतं. ती दिल्यावर खरंच सगळा हिशेब लागतो का?

ॲपला काय दिसतं?

समजा, छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज एमआयडीसीत काम करणाऱ्या एका तरुणाने महिन्यात ५,००० रुपये खोलीभाडं आणि ४,००० रुपयांची इतर खरेदी यूपीआयने केली. एटीएममधून ६,००० रुपये काढले आणि बचतीसाठी ३,००० रुपये स्वतःच्याच दुसऱ्या खात्यात टाकले. बँकेचे मेसेज वाचणारं ॲप हे सगळं खर्चात धरून १८,००० रुपये दाखवू शकतं.

वहीत मात्र रोखीची फोड असते: मेस ३,०००, पेट्रोल १,२००, चहा-नाश्ता १,३००. खिशात ५०० शिल्लक. म्हणजे खरा खर्च १४,५०० रुपये.

उलटंही घडतं. एचडीएफसी बँकेने जून २०२४ पासून १०० रुपयांपर्यंतच्या यूपीआय खर्चाचे एसएमएस बंद केले. मेसेजच नसेल, तर टपरीवरचा चहा ॲपला कळणार कसा?

परवानगीत धोका कुठे?

अँड्रॉइडमध्ये ‘फक्त बँकेचे मेसेज वाच’ असा पर्याय नाही. परवानगी दिली की ओटीपीपासून घरच्यांच्या मेसेजपर्यंत सगळा इनबॉक्स खुला होतो. आयफोनवर ॲपला अशी परवानगी मिळतच नाही.

एसएमएस नाकारल्यावर ॲपने ‘नोटिफिकेशन ॲक्सेस’ मागितला, तरी सावध राहा. नोटिफिकेशनमध्येही ओटीपी दिसू शकतो. कॉन्टॅक्ट्स आणि कॉल लॉगची तर हिशेबाला गरजच नाही. कर्ज देणाऱ्या ॲप्सनाही या दोन्ही गोष्टी बघायला रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ च्या नियमांत मनाई केली आहे. खर्चाचं ॲप त्या मागत असेल किंवा मध्येच कर्जाची ऑफर देत असेल, तर ते काढून टाकलेलं बरं.

आधीच परवानगी दिली असेल तर?

सेटिंग्जमध्ये ‘ॲप्स’, मग त्या ॲपच्या ‘परमिशन्स’मध्ये जाऊन एसएमएस बंद करा. नोटिफिकेशन ॲक्सेसची यादी वेगळी असते, तीही तपासा. पण यामुळे फक्त पुढचं वाचन थांबतं. सर्व्हरवर आधीच गेलेली माहिती तशीच राहते. त्यासाठी ॲपमधून खातं आणि डेटा डिलीट करण्याची विनंती करावी लागते. नुसतं अनइन्स्टॉल करून भागत नाही.

मग निवडायचं काय?

रोखीचा खर्च जास्त असेल, तर वही बरी. फक्त ती रोज रात्री लिहायला हवी, कारण दोन दिवसांपूर्वीचे चाळीस रुपये आठवत नाहीत. बहुतेक खर्च यूपीआयने होत असेल आणि आपोआप बेरीज हवी असेल, तर हाताने नोंद करता येणारं ॲप घ्या. एसएमएस नाकारल्यावरही ते चालतं का, हे पहिल्याच दिवशी बघा. चालत नसेल, तर दहा-वीस रुपयांची वही आहेच.